दोन वाटा, एकच उत्तर : बाणांची चौकट वाचायची कशी?

कृष्णाकाठ

मंडळी, अर्धवट सुटलेलं एमएस्सी या वर्षी पुन्हा हातात घेतलंय. घरी बसून, नोट्सवरून अभ्यास चाललाय. ग्रुप, होमोमॉर्फिझम, कोशंट ग्रुप इथपर्यंत गाडी बरी आली. आता मात्र दर दोन पानांनी बाणांची एक चौकट येते, तिच्याखाली "ही आकृती कम्यूट होते" एवढंच लिहिलेलं असतं आणि पुढचं वाक्य थेट "म्हणून" ने सुरू होतं. त्या "म्हणून" पाशी मी दरवेळी अडकते.

सगळ्यात सोपी वाटली ती चौकट इथे देते.

```
        ×3
   Z -------> Z
   |          |
 p |          | q
   v          v
  Z/4 -----> Z/12
        h
```

Z म्हणजे सगळे पूर्णांक. वरचा बाण 3 ने गुणतो. p म्हणजे 4 ने भागून बाकी घेणं, q म्हणजे 12 ने भागून बाकी घेणं. h बद्दल नोट्समध्ये लिहिलंय की तो x ला 3x वर नेतो, अर्थात 12 च्या बाकीत.

मी 5 घेतला. आधी उजवीकडे गेले, 15 आले, मग खाली उतरले, बाकी 3. पुन्हा 5 पासून निघून आधी खाली गेले, बाकी 1, मग h ने 3. दोन्हीकडून 3! मग 7 घेतला, दोन्ही वाटांनी 9 आले. छान वाटलं. पण नक्की काय छान झालं ते सांगता येत नाही. एक काय आलं, संख्या की बाण? वरचा बाण आणि खालचा बाण एकच आहेत असं म्हणायचंय का? आणि हे मी सिद्ध करायचं असतं की चौकट काढली म्हणजे ते मानूनच चालायचं?

---

बापूसाहेब

ताई, एवढा विचार करू नका. कम्युटेटिव्ह म्हणजे क्रमनिरपेक्ष. a + b आणि b + a एकच, हे आम्ही सातवीच्या पोरांना तीस वर्षं शिकवलं. तुमच्या चौकटीतल्या चारही ठिकाणी बेरीज क्रमनिरपेक्षच आहे, त्यामुळे आकृती आपोआपच कम्यूट होणार. सिद्ध करण्यासारखं काही उरत नाही.

---

सह्यवेडा

बापूसाहेब, इथे तसा अर्थ नाहीये. इथे वाटांबद्दल बोलणं चाललंय. एका कोपऱ्यातून निघून दुसऱ्या कोपऱ्यात कुठल्याही वाटेने गेलं तरी उत्तर तेच, एवढंच.

कृष्णाकाठ ताई, वरचा आणि खालचा बाण एक नाहीत. ते निघतात वेगळ्या ठिकाणाहून आणि पोचतात वेगळ्या ठिकाणी, एक असतीलच कसे? एक असतात त्या पूर्ण वाटा. मी परीक्षेत एखादी संख्या घालून बघतो, जमलं की पुढे जातो. आणि h एकच असतो असंही नाही. 3 ऐवजी 9 ने गुणणारा h घ्या. 2 वर बघा : उजवीकडून 6, खाली 6. दुसरीकडून 2, मग 18, म्हणजे बाकी 6. जुळलं. 4 वर बघा : उजवीकडून 12, बाकी 0. दुसरीकडून 0, मग 0. तेही जुळलं. म्हणजे हा h सुद्धा चालतो.

---

अनवट

सह्यवेडा यांचा पहिला परिच्छेद बरोबर आहे, दुसऱ्यात गडबड आहे. पण ती गडबड इतकी कामाची आहे की तिच्यावरूनच सगळं समजावता येईल.

आधी ताईंचा प्रश्न, एक काय आलं? उत्तर : दोन फलनं. "उजवीकडे जा, मग खाली उतर" ही पूर्ण वाट मिळून Z पासून Z/12 पर्यंतचं एक फलन होतं. "खाली उतर, मग उजवीकडे जा" हे तिथूनच निघून तिथेच पोचणारं दुसरं फलन. आकृती कम्यूट होते म्हणजे ही दोन फलनं समान आहेत, म्हणजेच Z मधल्या प्रत्येक घटकावर त्यांचं उत्तर एक आहे. सूत्रात लिहिताना `q∘(×3) = h∘p`. लिहिताना उजवीकडून डावीकडे वाचावं लागतं, बाणांच्या दिशेच्या उलट. माझ्या वर्गात निम्म्या चुका या एका गोष्टीमुळे होतात, म्हणून आधी बाणावर बोट ठेवून वाट चालावी आणि मगच सूत्र लिहावं.

आता हे सिद्ध करायचं की मानायचं? आकृती हे एक विधान आहे. ते खोटंही असू शकतं. चौकट कुणीही काढेल, पण ती कम्यूट होते असं म्हटलं की म्हणणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी येते. नोट्समध्ये तो पुरावा एका ओळीचा असतो म्हणून गाळतात, आणि वाचणाऱ्याला ती गृहीत धरलेली गोष्ट वाटते.

सह्यवेडा, तुमचा 9 वाला h घेऊन 1 वर चालून पाहा. उजवीकडून : 3, खाली 3. दुसरीकडून : 1, मग 9. 3 आणि 9, Z/12 मध्ये वेगळे. चौकट मोडली. मग 2 वर का जुळलं? दोन वाटांच्या उत्तरांतला फरक 9x − 3x, म्हणजे 6x. तो 12 ने विभाज्य असतो तो फक्त x सम असतानाच. तुम्ही 2 आणि 4 घेतले, दोन्ही सम निघाले. 3 घेतला असता तरी कळलं असतं.

आणि तरीही एकाच संख्येवर तपासण्याची तुमची सवय मुळातून चूक नाही, संख्या तेवढी नेमकी निवडायला हवी. दोन्ही वाटा होमोमॉर्फिझम आहेत, आणि Z मधला प्रत्येक घटक 1 पुन्हा पुन्हा मिळवून किंवा वजा करून मिळतो. त्यामुळे 1 वर जुळलं की सगळीकडे जुळतं. 1 हा जनक आहे, 2 नाही. 2 पासून फक्त सम संख्या मिळतात, म्हणून 2 वरची तपासणी सम संख्यांपुरतीच खरी. ताईंनी 5 आणि 7 घेतले ते जुळले, पण "झालं का?" याचं उत्तर 1 घेतल्यावर मिळतं.

बापूसाहेब, 9 वाली चौकट तुमच्या म्हणण्यालाही उत्तर देते. चारही ग्रुप क्रमनिरपेक्ष, चारही बाण होमोमॉर्फिझम, तरी आकृती कम्यूट होत नाही. पण शब्दाचं नातं तुम्ही ओळखलंत ते खरं आहे. चारही कोपऱ्यांत एकच संच ठेवा, वर आणि खाली एकच बाण f, डावीकडे आणि उजवीकडे एकच बाण g. आता चौकट कम्यूट होते म्हणजे बरोबर `g∘f = f∘g`. क्रमनिरपेक्षता आहे, पण ती क्रियांची, ग्रुपमधल्या बेरजेची नाही. f म्हणजे प्रतल डावीकडे 90 अंशांत फिरवणं, g म्हणजे X अक्षात प्रतिबिंब घेणं, असं धरा. (1, 0) हा बिंदू आधी फिरवला तर (0, 1), मग प्रतिबिंब (0, −1). आधी प्रतिबिंब घेतलं तर तो जागचा हलत नाही, मग फिरवल्यावर (0, 1). ही चौकट कम्यूट होत नाही.

---

बापूसाहेब

फिरवण्याचं उदाहरण कागदावर काढून पाहिलं. पटलं. माझ्या डोक्यात क्रम म्हणजे संख्यांचाच क्रम होता, कृतींचा क्रम हा वेगळा विषय आहे हे ध्यानात आलं नाही.

---

हिशेबनीस

मी गणिताचा माणूस नाही, कोल्हापुरात व्यापाऱ्यांची खाती लिहितो. पण वाचता वाचता उठून बसलो, कारण हे माझं रोजचं दुखणं आहे. बिलात तीन ओळी आहेत, प्रत्येकी 40 पैसे. एक सॉफ्टवेअर प्रत्येक ओळ जवळच्या रुपयाला आणतं आणि मग बेरीज करतं : 0, 0, 0, एकूण 0. दुसरं आधी बेरीज करतं, 1 रुपया 20 पैसे, मग रुपयाला आणतं : 1. ग्राहक विचारतो, दोन बिलांत एका रुपयाचा फरक का? मी दोन्ही सॉफ्टवेअर तपासली, दोन्हींत चूक सापडेना. ही तुमची दोन वाटांचीच गोष्ट ना?

---

अनवट

हिशेबनीस, अगदी तीच गोष्ट. वरच्या डाव्या कोपऱ्यात रकमांची यादी. तिथून उजवीकडे जाणारा बाण बेरीज, खाली उतरणारा बाण जवळच्या रुपयाला आणणं. ही चौकट कम्यूट होत नाही, म्हणून दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या वाटेने बरोबर चालूनही वेगळ्या ठिकाणी पोचतात. चूक कुठल्याच बाणात नाही, म्हणून ती तुम्हाला सापडली नाही. आधी काय करायचं हे ठरवून घेणं एवढाच त्यावर इलाज आहे.

याच्या शेजारी बाकी घेण्याची चौकट ठेवा. आधी बेरीज आणि मग 12 ने भागून बाकी, किंवा आधी प्रत्येकाची बाकी आणि मग Z/12 मधली बेरीज : नेहमी एकच. बाकी घेणं बेरजेला जपतं, रुपयाला आणणं जपत नाही. "q हा होमोमॉर्फिझम आहे" हे वाक्य म्हणजेच ही चौकट कम्यूट होते हे वाक्य. होमोमॉर्फिझमची व्याख्या तुम्ही सूत्र म्हणून पाठ केली असेल, ती मुळात एक चौकटच आहे.

---

कृष्णाकाठ

अनवट सर, किंवा मॅडम, माहीत नाही, मनापासून आभार. "म्हणून" च्या आधीचं आता दिसायला लागलं.

पुढचं विचारते. नोट्समध्ये h चा बाण तुटक रेघेने काढलाय, बाकी तीन सरळ. मला ती छपाईची हौस वाटली होती. आता शंका आली म्हणून मीच खेळून पाहिलं. वर 3 च्या जागी 2 घेतले आणि खाली "x ला 2x वर ने" असा h काढायला गेले. 1 घेतला : 2. 5 घेतला : 10. पण Z/4 मध्ये 1 आणि 5 एकच! मग h ने त्या एका घटकाला 2 वर न्यायचं की 10 वर? 2 आणि 10 तर Z/12 मध्ये वेगळे आहेत. मी कुठे चुकले?

---

अनवट

कुठेही नाही. तुम्हाला सापडलं ते असं की वर ×2 असताना चौकट पूर्ण करणारा h अस्तित्वातच नाही. तुटक रेघ हेच सांगण्यासाठी असते : तीन सरळ बाण दिलेले आहेत, चौथा आहे की नाही हे दाखवायचं आहे, आणि असला तर तो एकच आहे हेही.

दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या कारणांनी ठरतात. Z/4 मध्ये 4 चा फरक शून्य मानलेला असतो. h ला जागा हवी असेल तर 4 चा फरक वरच्या बाणाने 12 च्या पटीत जायला हवा. ×3 असताना 4 चे 12 होतात, जमतं. ×2 असताना 4 चे 8 होतात, आणि 8 म्हणजे Z/12 मध्ये शून्य नाही. तिथेच h अडकतो. म्हणून अशा जागी पहिला प्रश्न "p जे पुसून टाकतो ते दुसऱ्या वाटेनेही पुसलं जातं का?" हा विचारायचा. उत्तर हो असेल तरच तुटक बाण काढायचा.

एकमेवपणाचं कारण p मध्ये आहे. Z/4 चा प्रत्येक घटक p ने कुठून ना कुठून येतोच. तेव्हा चौकट कम्यूट व्हायची असेल तर h ला पर्यायच उरत नाही, x च्या बाकीला 3x च्या बाकीवरच जावं लागतं. 9 वाला h होमोमॉर्फिझम म्हणून निर्दोष आहे, Z/4 पासून Z/12 ला जाणारे असे एकूण चार आहेत : 1 ला 0, 3, 6 किंवा 9 वर नेणारे. त्यांतला या चौकटीत बसतो तो 3 वाला एकटा. तुमच्या नोट्समधलं "म्हणून" बहुधा इथेच असेल : चौकट कम्यूट होते, p सगळ्यांपर्यंत पोचतो, म्हणून h एकच.

(आणि मी सर. पण अनवट म्हटलंत तरी चालेल.)

---

सह्यवेडा

सर, 9 वाल्या h ची चूक मान्य. पण काल रात्री त्याच्यामागे लागलो आणि एक विचित्र गोष्ट दिसली. Z/12 च्या पुढे Z/6 चा बाण जोडला, 6 ने भागून बाकी. आता Z पासून Z/6 पर्यंतच्या दोन लांब वाटा पाहिल्या. वरून : 3x ची 6 ने बाकी. खालून, 9 वाल्या h ने : 9x ची 6 ने बाकी. फरक 6x, म्हणजे नेहमीच शून्य! 1 वर पाहिलं : 3 आणि 3. जनकावर जुळलं, म्हणजे सगळीकडे जुळलं. मग बाहेरची आकृती कम्यूट होते आणि आतली चौकट होत नाही? मला वाटत होतं बाहेरचं जमलं म्हणजे आतलं जमलंच पाहिजे.

---

अनवट

हे तुम्ही स्वतः शोधलंत याचा मला फार आनंद झाला. एमएस्सीच्या उत्तरपत्रिकांत याच जागी सर्रास घसरतात.

आतल्या सगळ्या चौकटी कम्यूट होत असतील तर त्या जोडून झालेली बाहेरची आकृती होतेच. एका वाटेचा एकेक तुकडा दुसऱ्या वाटेवर सरकवत न्यायचा, एवढाच पुरावा. उलट दिशेने मात्र हमी नाही. तुमच्या उदाहरणात आतल्या दोन वाटांची उत्तरं 3 आणि 9, फरक 6 चा. शेवटचा बाण नेमका तो 6 शून्यावर नेतो. दोन वाटांतलं भांडण मिटलेलं नाही, शेवटच्या बाणाला ते दिसतच नाही.

म्हणून "शेवटी तेच उत्तर आलं, तेव्हा आधीही तेच असणार" असं लिहायचं असेल तर शेवटचा बाण एकैक आहे हे दाखवावं लागतं. Z/12 पासून Z/6 चा बाण एकैक नाही. त्याच्या जागी 2 ने गुणून Z/24 ला जाणारा बाण लावून पाहा. तो एकैक आहे, आणि त्याच्यापुढे 3 चे 6 होतात, 9 चे 18 होतात, ते वेगळेच राहतात. तिथे चूक लपत नाही.

सुरुवातीच्या बाजूचं असंच, फक्त गुण वेगळा. पहिला बाण सगळ्या घटकांपर्यंत पोचत असेल तर तो दोन्ही वाटांमधून काढून टाकता येतो. h एकमेव ठरला तो याच कारणाने.

---

दूरदेशी

इथे जर्मनीत पीएचडी करतेय, धागा वाचून मराठीत गणित बोलायची हौस भागली. एक जुनी शंका आहे. A पासून B ला दोन समांतर बाण f आणि g काढले, आणि त्यांच्याआधी E पासून A ला येणारा e. पुस्तकं ही आकृती काढतात तेव्हा त्यांना `f∘e = g∘e` एवढंच म्हणायचं असतं. पण "सगळ्या वाटा समान" ही व्याख्या अक्षरशः लावली तर f आणि g सुद्धा समान होतात, आणि मग आकृतीत अर्थच उरत नाही. तसंच, A पासून B ला जाऊन परत A ला येणारी फेरी असेल तर ती काहीच न करण्याइतकी समान मानायची का?

---

अनवट

समांतर बाणांच्या बाबतीत मी वर्गात आकृती काढून गप्प बसत नाही, शेजारी समीकरण लिहितो. अशा आकृतीला कम्यूट होते म्हणूच नये असं माझं मत. जिथे दोन बाण मुद्दाम वेगळे ठेवलेत तिथे तो शब्द दिशाभूल करतो.

फेरीबद्दल मी "न चाललेली वाट" धरत नाही. निदान एक बाण तरी चाललेल्या वाटांचीच तुलना करतो.

---

दूरदेशी

माझे गाइड न चाललेली वाटही धरतात. त्यांच्या मते ती वगळली तर व्याख्येला विनाकारण अपवाद चिकटतो. त्यांच्या व्याख्येने फेरी असलेली कम्यूट होणारी आकृती म्हणजे तिथले बाण एकमेकांचे व्यस्त. तुमच्या व्याख्येने तसं नाही. दोघांचीही गणितं चुकत नाहीत, पण एकाची नोट दुसऱ्याने वाचली तर घोळ होईल.

---

अनवट

होईल, हे मान्य. तरी मी माझ्या बाजूनेच राहीन, कारण Z/4 वर 9 ने गुणण्याची फेरी आणि 3 ने गुणण्याची फेरी यांत मला फरक करता यायला हवा, आणि फेरी दिसली की लगेच व्यस्त असा अर्थ विद्यार्थ्याने घेऊ नये असं वाटतं.

---

हिशेबनीस

साहेब, Z/4 मध्ये 9 ने गुणलं म्हणजे 1 नेच गुणलं ना? 9 ची बाकी 1. मग ती फेरी काहीच करत नाही.

---

अनवट

बरोबर पकडलंत. आणि 3 वाली फेरी 1 ला 3 वर नेते, तेव्हा ती काहीतरी करते. वेगळेपण हेच.

---

कृष्णाकाठ

आज मुलीची शाळा सुटेपर्यंत दोन तास मिळाले, सगळं पुन्हा स्वतः केलं. वर ×2 ठेवलं, उजवीकडे Z/12 च्या जागी Z/8 घेतलं. आता 4 चे 8 होतात आणि 8 म्हणजे शून्य, तेव्हा h ला जागा मिळाली : x ला 2x वर. 1 वर तपासलं, दोन्ही वाटांनी 2.

मग Z/4 पासून Z/8 ला जाणारे बाकीचे होमोमॉर्फिझम काढले, 1 ला 0, 4 आणि 6 वर नेणारे. तिघांतला एकही चौकटीत बसत नाही. 6 वाला सम संख्यांवर जुळतो, कारण फरक 4x. 0 वाला आणि 4 वाला मात्र फक्त 4 च्या पटींवर जुळतात.

तिथे थांबून विचार केला तेव्हा लक्षात आलं की 4 च्या पटींवर तर कुठलाही h जुळणारच. 4 खाली उतरला की Z/4 मध्ये शून्य, आणि शून्याला प्रत्येक h शून्यावरच नेतो. वरच्या वाटेनेही 4 चे 8 होऊन शून्य. सह्यवेडा, तुम्ही 9 वाल्यासाठी 2 आणि 4 तपासले होते ना? त्यातल्या 4 ने h बद्दल काहीच विचारलेलं नव्हतं.

---

सह्यवेडा

खरंच की. मी चार होमोमॉर्फिझमांपैकी एकही 4 वर तपासून वगळू शकलो नसतो. 2 ने निदान माझ्या Z/12 च्या चौकटीतले 0 आणि 6 वाले वगळले असते.

---

बापूसाहेब

एक विचारू का? Z च्या जागी ज्याला एक जनक पुरत नाही असा ग्रुप असला, समजा पूर्णांकांच्या जोड्या, तर किती ठिकाणी तपासायचं? माझ्या अंदाजाने (1, 0) आणि (0, 1) पुरतील. पण ग्रुप क्रमनिरपेक्ष नसला तरी जनकांवर तपासून भागेल का, की तिथे माझी सातवीची क्रमनिरपेक्षता शेवटी लागणारच?

---

अनवट

जोड्यांबद्दल अंदाज बरोबर, दोन पुरतात. आणि क्रमनिरपेक्षता लागत नाही. ज्या घटकांवर दोन होमोमॉर्फिझम जुळतात ते घटक मिळून नेहमी उपग्रुप होतो, ग्रुप कसाही असो. दोन घटकांवर जुळले तर त्यांच्या गुणाकारावर जुळतात, व्यस्तावरही जुळतात. जनक त्यात आले की सगळा ग्रुप त्यात आला. वर सह्यवेडा यांच्या 9 साठी तो उपग्रुप सम संख्यांचा होता, ताईंच्या 4 वाल्यासाठी 4 च्या पटींचा.